पोट पडल्याचे दुःख आणि घरातले मौन



पगार, बोनस, भरपगारी रजा हे माझे नेहमीचे विषय. आज मी बायकांच्या दुःखाविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण या विषयाकडे मला एका हजेरीपत्रकानेच आणले.

आशागडच्या बाजूला एका कारखान्यात आमच्या युनियनची एक बाई कामाला होती. पाच दिवस ती आली नाही आणि तिचा पगार कापला गेला. विचारले, तर म्हणाली, “ताप होता.” मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागलो. आठ दिवसांनी आमच्या कमिटीतली एक वडीलधारी कामगारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “दादा, ताप कसला? चौथा महिना होता तिला. पोट पडलं. मशीनपाशी उभी असताना दूध येतं नि पोर रडते. सासूनं सांगितलंय, कुणाजवळ बोलायचं नाही.”

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भ गेला, तर शरीराला ते कळत नाही; दोन-चार दिवसांनी दूध येऊ शकते. ते पाजायला मूल नाही आणि येते हे सांगायला माणूस नाही, ही तिची अवस्था होती.

हे मौन येते कुठून? एक तर, तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याची वाच्यता करायची नाही, अशी आपली रीत. आनंदच कुणाला ठाऊक नसतो, मग दुःख विचारायला कोण येणार? दुसरे कारण संशय. पोट पडणे आणि पाडणे या दोन्हींना आपण ‘गर्भपात’ हाच शब्द लावतो. मग पपई खाल्ली, ओझे उचलले, धावपळ केली, असा हिशेब घरात कुजबुजत सुरू होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दिवस गेल्याचे कळल्यानंतर सुमारे दहा ते पंधरा टक्के गर्भ टिकत नाहीत. त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत जातात आणि निम्म्याहून अधिक वेळा मूळ गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो. त्यात आईचा अपराध नसतो. हे एक वाक्य डॉक्टरांनी सासूच्या आणि नवऱ्याच्या देखत सांगावे, असा आग्रह धरा. ते एकटीला सांगून घरातली कुजबुज थांबत नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीही ही घटना मोजली होती. गर्भ जितक्या महिन्यांचा, तितक्या रात्रींनी स्त्री शुद्ध होते, असे मनुस्मृती सांगते. तिथे मोजला तो विटाळ. शोक मोजला नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मात्र गर्भ गेल्यानंतर सहा आठवडे भरपगारी रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. त्या काळात बाईला जाणूनबुजून कामावर घेण्याची मालकाला मनाई आहे. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे बाईने ‘ताप’ म्हटले, की हक्क बुडाला.

आमच्या त्या भगिनीचे काय झाले? कमिटीतल्या बाईने आधी तिची संमती घेतली, मग तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन दाखला आणला. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. पाच दिवस ती घरी होती, आठ दिवस कामावर, उरले २९. कापलेले पाच आणि हे २९, असा ३४ दिवसांचा पगार मिळाला. अर्ज साहेबांच्या हाती बंद पाकिटात दिला, म्हणजे खात्यात चर्चा नको.

पण रजा म्हणजे सांत्वन नव्हे. तिचा नवराही आमचाच सभासद. तो पाळी संपली तरी घरी जात नसे. मी त्याला बेफिकीर समजलो होतो. एके दिवशी मी नुसते विचारले, “तुझं मूल गेलं ना रे?” तो खाली बसला आणि बराच वेळ रडला. म्हणाला, “ती रडेल म्हणून मी बोलत नाही.” इकडे तिला वाटत होते, याला काहीच वाटत नाही. एका खोपटात दोघे एकमेकांपासून तेच दुःख लपवीत होती!

म्हणून अशा घरी गेलात, तर “होईल दुसरं” असे म्हणू नका. ते ज्याच्याविषयी रडत आहेत, ते दुसरे नव्हे. “फार वाईट झालं” एवढे म्हणा, जवळ बसा आणि ती बोलली तर ऐका. अंगावरून फार जाऊ लागले, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर तोही डॉक्टरचाच विषय समजा आणि तिला एकटी ठेवू नका.

आमच्या युनियनपुरते सांगतो. बाई पाच दिवस गैरहजर राहिली, तर आता आम्ही पत्रक पाहून थांबत नाही. कमिटीतली एखादी बाई तिच्या घरी जाऊन येते.