बारावीनंतरच्या प्रवेशासाठी डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा? अर्ज कशामुळे परत येतो?

बारावीचा निकाल लागला की तहसील आणि सेतू केंद्रांबाहेर रांगा दिसू लागतात. अनेकांसाठी सरकारी दाखला काढण्याची ही पहिलीच वेळ असते. एक कागद कमी पडला तर अर्ज परत येतो आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

हे टाळायचं कसं? एका उदाहरणातून समजून घेऊ. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या एका विद्यार्थिनीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा आहे. वडील सुपा एमआयडीसीत नोकरी करतात आणि घरची दोन एकर शेती आहे. गावचा तालुका पारनेर, त्यामुळे दोन्ही दाखले तिथल्या तहसील कार्यालयातून मिळतील.

दोन दाखले, दोन कामं

डोमिसाईलचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात, हे त्यातून सिद्ध होतं. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला म्हणजे डोमिसाईल नव्हे. प्रवेशाच्या वेळी तो चालत नाही.

उत्पन्नाचा दाखला फी सवलतीसाठी लागतो. उदाहरणार्थ, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे.

कोणती कागदपत्रं लागतात?

दोन्हींसाठी ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि स्वयंघोषणापत्र लागतं. अर्जदार १८ वर्षांखालील असेल तर अर्ज पालकांमार्फत करायचा.

डोमिसाईलसाठी वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला जोडायचा. त्याशिवाय राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य असल्याचे कागद हवेत. इथे शाळेच्या नोंदी, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं, सातबारा उपयोगी पडतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शेती असेल तर सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. तलाठ्यांचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' आहे. नोकरी असेल तर पगाराचा पुरावा किंवा फॉर्म १६. आपल्या उदाहरणात वडिलांचा पगार आणि शेती, असे दोन्ही पुरावे जोडावे लागतील.

अर्ज आणि फी

aaplesarkar.mahaonline.gov.in या पोर्टलवर स्वतः किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. २०२५ मध्ये सेवा शुल्क वाढलं. त्यानंतर एका दाखल्याला साधारण ७० रुपये लागतात. पावती मागून घ्या, अर्ज क्रमांक तिच्यावरच असतो.

प्रतिज्ञापत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं, तर थांबा. या दाखल्यांसाठीचं मुद्रांक शुल्क माफ केल्याचं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

दाखला किती दिवस चालतो?

सर्वांत जास्त गडबड इथे होते. डोमिसाईल एकदा काढलं की सहसा पुन्हा काढावं लागत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र ३१ मार्चला संपतो, मग तो कधीही काढलेला असो.

समजा, या विद्यार्थिनीने घाई करून फेब्रुवारी २०२६ मध्येच दाखला काढला. तो ३१ मार्च २०२६ ला संपेल आणि जूनमध्ये कामाला येणार नाही. एप्रिलमध्ये अर्ज केला तर २०२५-२६ चं उत्पन्न धरलं जाईल आणि दाखला ३१ मार्च २०२७ पर्यंत चालेल. म्हणून डोमिसाईल आधीच काढून ठेवा आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये काढा.

उत्पन्नाचा दाखला एका किंवा तीन वर्षांचा मिळतो. नॉन-क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांचा लागतो. तुम्हाला कोणता हवा, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.

अर्ज का नाकारला जातो?

पहिलं कारण नावातला फरक. आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असेल तर अर्ज अडकतो. आधी आधार दुरुस्त करून घ्या.

दुसरं, उत्पन्न न जुळणं. तलाठ्याच्या अहवालात फक्त शेतीचं उत्पन्न आहे आणि वडिलांचा पगार कुठेच नाही, असं असेल तर अर्ज परत येऊ शकतो. चुकीची माहिती देणं हा गुन्हा आहे, हे स्वयंघोषणापत्रातच लिहिलेलं असतं.

तिसरं, १५ वर्षांच्या वास्तव्यात मध्येच काही वर्षांचा पुरावा नसणं. चौथं, अस्पष्ट स्कॅन. पोर्टलवर कागदपत्र ७५ ते ५०० केबी आणि फोटो ५ ते २० केबी इतकाच चालतो. आकार कमी करताना अक्षरं पुसट होतात, म्हणून अपलोड करण्याआधी फाईल उघडून वाचून बघा.

मुदतीत दाखला मिळाला नाही तर?

दोन्ही दाखल्यांची मुदत १५ दिवसांची आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्ज नाकारल्यास लेखी कारण द्यावं लागतं. नकार आला किंवा मुदत उलटली, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, तेही पोर्टलवरूनच. मात्र चूक फक्त कागदाची असेल, तर अपिलापेक्षा तो कागद जोडून नवा अर्ज करणं लवकर होतं.