लॉक-इन तीन वर्षांचे, देणे किती वर्षांचे?

नाशिकच्या कॉलेज रोडवर तयार कपड्यांच्या एका कंपनीने गाळा भाड्याने घेतला आहे असे समजू. करार नऊ वर्षांचा. भाडे वर्षाला 12 लाख, आणि दर तीन वर्षांनी त्यात 15 टक्के वाढ. डिपॉझिट सहा लाख, बिनव्याजी, जागा सोडताना परत. दलालाला एक लाख दिले. पहिली तीन वर्षे लॉक-इन, म्हणजे त्या काळात कंपनीला गाळा सोडता येत नाही. त्यानंतर तीन महिने आधी नोटीस देऊन ती केव्हाही निघू शकते. जागामालकाला मात्र नऊ वर्षे पुरी होईपर्यंत करार मोडता येत नाही. आपल्याकडच्या दुकानांच्या करारांत हा मसुदा नेहमी दिसतो.

2019 पर्यंत अशा गाळ्याचा ताळेबंदात जवळजवळ पत्ताच नसे. भाडे भरले की खर्चाला पडायचे आणि पुढच्या वर्षांची बांधिलकी परिशिष्टातल्या एखाद्या टिपेत राहायची. शेकडो दुकाने भाड्याने चालवणारी कंपनी कागदावर जवळजवळ बिनकर्जाची दिसू शके. आंतरराष्ट्रीय लेखा मंडळाने जानेवारी 2016 मध्ये आयएफआरएस 16 काढून हे बदलले. त्याचाच भारतीय अवतार म्हणजे इंड एएस 116, आणि तो 1 एप्रिल 2019 पासून लागू आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि 250 कोटी किंवा त्याहून जास्त नक्त मत्ता असलेल्या कंपन्यांना तो पाळावा लागतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा त्याच्याशी संबंध नाही. जागामालकाच्या बाजूचे नियमही फारसे बदललेले नाहीत, तो पूर्वीसारखेच भाडे उत्पन्नात धरतो.

या मानकाचे म्हणणे असे की गाळा कंपनीच्या मालकीचा नसला तरी तो ठरावीक काळ वापरण्याचा हक्क तिच्या हातात आला आहे, आणि त्या हक्कापोटी पैसे द्यायची बांधिलकीही आली आहे. हक्क मालमत्तेच्या बाजूला आणि बांधिलकी देण्यांच्या बाजूला, दोन्ही पहिल्या दिवशीच नोंदायचे. दस्ताला लीज म्हटले आहे की लीव्ह अँड लायसन्स, यावर हे ठरत नाही. जागा ठरलेली आहे का आणि ती कशी वापरायची हे भाडेकरू ठरवतो का, एवढेच पाहायचे.

मग देणे किती नोंदायचे? इथेच खरा पेच आहे, आणि तो गणिताचा नाही. पुढे द्यायची भाडी आजच्या मोलात आणायची, म्हणजे ठरावीक व्याजदराने वटवायची, हे कोणतीही स्प्रेडशीट क्षणात करते. पण किती वर्षांची भाडी धरायची? दर 10 टक्के आणि भाडे वर्षअखेरीस द्यायचे असे सोयीसाठी मानू. लॉक-इनची तीनच वर्षे धरली तर देणे 29.84 लाख येते. सहा वर्षे धरली तर 55.63 लाख आणि पूर्ण नऊ धरली तर 77.90 लाख. करार तोच, गाळा तोच, पण आकड्यांत अडीचपटीहून जास्त फरक. माझ्या मते हे मानक समजून घ्यायचे तर सगळा वेळ या एका प्रश्नावर घालवावा, बाकीचे त्यामागून येते.

मानकाची कसोटी अशी आहे. जो काळ मोडता येत नाही तो धरायचाच. त्यापुढचा काळ, जिथे सोडण्याचा अधिकार फक्त भाडेकरूला आहे, तिथे तो अधिकार भाडेकरू वापरणार नाही याची वाजवी खात्री असेल तरच धरायचा. अधिकार फक्त जागामालकाला असता तर तो काळ आपोआप धरला गेला असता, कारण भाडेकरूची त्यातून सुटका नाही. आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या संमतीविना, नगण्य भुर्दंड सोसून निघू शकत असेल तर तिथून पुढे करार बंधनकारकच राहत नाही.

भुर्दंड म्हटले की करारातली दंडाची रक्कम डोळ्यांसमोर येते. पण नोव्हेंबर 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय अर्थनिर्वचन समितीने स्पष्ट केले की भुर्दंडाचा अर्थ व्यापक आर्थिक अंगाने घ्यायचा. आपल्या कंपनीने गाळ्यात फरशी, फॉल्स सीलिंग, एसी, रॅक आणि ट्रायल रूम यांवर 40 लाख खर्च केले आहेत. यातले बहुतेक काही उचलून नेता येणार नाही. तिसऱ्या वर्षी निघायचे म्हणजे यातला मोठा भाग टाकून द्यायचा. करारात एक रुपयाचाही दंड लिहिलेला नसला तरी हा भुर्दंडच आहे. म्हणून "लॉक-इन तीन वर्षांचे, सबब लीजची मुदत तीन वर्षे" हे सरळ वाटणारे उत्तर बहुतेक वेळा चुकते. ते ओळखायची एक खूण आहे: त्याच कंपनीने सजावटीवरचा घसारा किती वर्षांत विभागला आहे ते पाहावे. सजावट नऊ वर्षे टिकणार म्हणायचे आणि गाळा तीनच वर्षे ठेवणार म्हणायचे, ही दोन विधाने एकत्र नांदत नाहीत.

म्हणून सरसकट नऊ धरावीत का? तेही नाही. आपली कंपनी दुकानांची सजावट दर सहा वर्षांनी नव्याने करते, आणि दुकान ठेवायचे की हलवायचे हा निर्णयही ती त्याच वेळी घेते. सहाव्या वर्षअखेर जुन्या सजावटीची किंमत शून्य झालेली असेल आणि निघून जाण्यात मोठे नुकसान उरणार नाही. सातव्या वर्षाबद्दल तिला आज वाजवी खात्री नाही. तेव्हा मुदत सहा वर्षे आणि देणे 55.63 लाख. हा निष्कर्ष कारणांसह लिहून ठेवावा लागतो, कारण ऑडिटर पहिल्यांदा तोच कागद मागतो.

15 टक्क्यांची वाढ आधीच ठरलेली आहे, म्हणून तीही या देण्यात आली. भाडे विक्रीच्या टक्क्यांत असते तर तो भाग देण्यात आला नसता, विक्री होईल तसा खर्चाला पडला असता. मात्र "विक्रीच्या आठ टक्के, पण किमान 12 लाख" असा करार असेल तर किमान रक्कम देण्यात धरावी लागते. भाड्यावरचा जीएसटी सरकारला जाणारा कर आहे, जागेच्या वापराचा मोबदला नाही, म्हणून तो बाहेर ठेवायचा. 10 टक्के दरही कंपनीच्या सगळ्या कर्जांची सरासरी नव्हे. तेवढ्याच काळासाठी, तशाच तारणावर, तेवढीच रक्कम आज उचलली असती तर काय व्याज पडले असते तो दर हवा. मुदत बदलली की दरही बदलू शकतो.

हक्काची मालमत्ता देण्यापेक्षा थोडी जास्त निघते. 55.63 लाखांत दलालीचा एक लाख मिळवायचा. शिवाय सहा लाखांचे डिपॉझिट सहा वर्षांनी बिनव्याजी परत मिळणार, तर त्याची आजची किंमत 10 टक्क्यांनी 3.39 लाख. उरलेले 2.61 लाख म्हणजे जागामालकाला आगाऊ दिलेले भाडेच, तेही हक्काच्या मालमत्तेत जाते. एकूण 59.24 लाख.

आता पहिले वर्ष. मालमत्तेवर सहा वर्षांच्या हिशेबाने 9.87 लाख घसारा. देण्यावर 10 टक्के व्याज 5.56 लाख. भाड्याचे 12 लाख दिले, त्यातले 5.56 लाख व्याजाला गेले आणि 6.44 लाखांनी देणे उतरून 49.19 लाखांवर आले. गृहकर्जाच्या हप्त्याचे कोष्टक ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल. नफा-तोटा पत्रकाला पहिल्या वर्षी 15.44 लाखांचा भार पडतो, खिशातून मात्र 12 लाखच जातात. सहाव्या वर्षी व्याज 1.25 लाखांवर येते, भार 11.13 लाख होतो, आणि भाडे 13.80 लाख जाते. म्हणजे ज्या वर्षांत भाडे कमी असते तीच वर्षे पुस्तकात जड दिसतात. एका वर्षात पंचवीस दुकाने उघडणाऱ्या कंपनीचा नफा त्यामुळे खाली ओढलेला दिसतो, आणि धंदा बिघडला असा गैरसमज होतो.

याच्या उलटही एक गैरसमज आहे. भाडे आता घसारा आणि व्याज या नावांनी येते, म्हणून व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा, ज्याला बाजारात एबिट्डा म्हणतात, तो 12 लाखांनी वाढलेला दिसतो. कंपनीने काहीही जास्त कमावलेले नसते. रोख प्रवाहाच्या पत्रकातही दिलेल्या भाड्याचा मुद्दलाचा भाग धंद्याच्या प्रवाहातून उठून वित्तपुरवठ्याच्या प्रवाहात जातो. दोन कपडे कंपन्यांची तुलना करताना एकीची दुकाने भाड्याची आणि दुसरीची विक्रीच्या टक्क्यांवर असतील, तर एबिट्डा शेजारी ठेवून काही कळत नाही.

बारा महिन्यांच्या आतल्या लीजला सूट आहे, ती घेतली तर भाडे जुन्या पद्धतीने खर्चाला टाकता येते. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या करारांची सवय जुनी असल्याने ही सूट आकर्षक वाटते. पण अकरा महिन्यांच्या गाळ्यात कोणी 40 लाखांची सजावट करत नाही. तशी केली असेल तर नूतनीकरणाचा हक्क कुठे लिहिलेला आहे आणि निघून जाण्यात दोघांचे काय जाते, हे विचारल्याशिवाय सूट घेऊ नये.

मुदत एकदा ठरवली की दर तिमाहीला मन बदलता येत नाही. बाजार मंदावला किंवा शेजारी मॉल आला एवढ्याने ती पुन्हा मोजायची नसते. भाडेकरूच्या हातातली एखादी मोठी घडामोड लागते. आपल्या कंपनीने पाचव्या वर्षाचे भाडे दिल्यावर ठरवले की दुकान चांगले चालते आहे, आणि सहाव्याची वाट न पाहता 25 लाखांची नवी सजावट केली. आता नऊ वर्षे राहण्याची वाजवी खात्री झाली. उरलेले देणे तोवर 12.55 लाख होते. नवा दर नऊ टक्के धरला तर पुढच्या चार भाड्यांची आजची किंमत 49.52 लाख येते. फरकाचे 36.97 लाख देण्यात आणि तेवढेच हक्काच्या मालमत्तेत वाढतात. मालमत्तेत 9.87 लाख उरले होते, ते 46.84 लाख होतात आणि पुढची चार वर्षे दरसाल 11.71 लाख घसारा पडतो. नवे दुकान उघडलेले नाही, जागामालकाशी नवा कागद झालेला नाही, तरी वार्षिक अहवालात लीजचे देणे उसळी मारते. अशा वेळी वापर-हक्काच्या मालमत्तेच्या टिपेत वाढ आणि पुनर्मोजणी या ओळी वाचाव्यात, आणि त्या वर्षी दुकानांची संख्या खरोखर किती वाढली हे संचालकांच्या अहवालातून शेजारी मांडून पाहावे.