आधी गुण, मग मत

इस्रायलच्या सैन्यात १९५५ च्या सुमारास नव्या जवानांची मुलाखत पंधरा-वीस मिनिटे चाले. मुलाखत घेणारा नाना विषयांवर गप्पा मारी आणि शेवटी ‘हा सैन्यात कसा निघेल’ याचा एक ठोकळ अंदाज देई. जवानांची पुढची कामगिरी पाहता हे अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरले होते. नवी पद्धत बसवण्याचे काम एका तरुण लेफ्टनंटकडे आले. त्याचे नाव डॅनियल काहनेमन. पुढे २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांनी जबाबदारीची जाणीव, मिळून-मिसळून वागणे असे सहा गुण निवडले. प्रत्येकासाठी उमेदवाराच्या मागच्या आयुष्याबद्दलचे प्रश्न ठरवले: किती नोकऱ्या केल्या, कामावर वेळेत जात होता का, मित्रांना किती वेळा भेटतो. एका गुणाला १ ते ५ पैकी आकडा दिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे वळायचे नाही. कारण उघड आहे. पहिल्याच उत्तराने मन जिंकले, की बाकीचे सगळे रकाने त्याच रंगात रंगतात.

मुलाखतकार चिडले; आम्हाला यंत्रमानव करताय, म्हणाले. काहनेमननी त्यांना एक सवलत दिली: सहाही आकडे भरून झाले की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा दिसतो ते पाहा आणि तुमचाही एक आकडा द्या. सहा आकड्यांची बेरीज जुन्या अंदाजापेक्षा बरीच सरस ठरली. विशेष म्हणजे, डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच चांगला निघाला. अंतःप्रेरणा टाकाऊ नाही. तिची पाळी शेवटी यायला हवी.

मात्र ‘३’ म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपापले ठरवले तर आकड्यांना अर्थ उरत नाही. समजा, रुग्णालयाच्या स्वागतकक्षासाठी माणूस हवा आहे आणि एक निकष आहे चिडलेल्या नातेवाइकांना सांभाळणे. सर्वांना एकच प्रश्न: ‘संतापलेल्या माणसाशी गाठ पडली असा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?’ गुणपत्रकावर लिहायचे: नेमका प्रसंग सांगता आला नाही किंवा सगळा दोष समोरच्याला दिला, तर १, शांतपणे ऐकून वरिष्ठांकडे पाठवले, तर ३, ऐकले, अडचण शोधली, ती सुटेपर्यंत पाठपुरावा केला, तर ५. मधल्या उत्तरांसाठी २ आणि ४. शेजारी उमेदवाराचे शब्द टिपायला जागा ठेवायची.

दोघा मुलाखतकारांनी आपापले गुण भरल्याशिवाय एकमेकांशी बोलू नये. नाहीतर वरिष्ठांचा आकडाच सर्वांचा होतो. एकाने २ आणि दुसऱ्याने ५ दिले, तर सरासरी काढून मोकळे होऊ नये. दोघांची टिपणे समोर ठेवावीत. बहुधा एकाने पाठपुराव्याचा भाग ऐकलेला नसतो, किंवा निकषाची वाक्येच संदिग्ध असतात. प्रत्येक उमेदवाराला सर्व रकान्यांत सारखाच आकडा पडत असेल, तर एकूण छापच गुण देते आहे असे समजावे.

निकषच चुकीचा निवडला असेल, तर मुलाखतकारांचे एकमत होऊनही माणूस चुकीचाच निवडला जातो. म्हणून भरतीनंतर सहा महिन्यांनी जुनी गुणपत्रके काढून प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहा, आणि ज्या निकषाचा कामाशी मेळ लागत नाही तो बदला.