निद्रारंभी मनाचे पत्ते पिसणे

अनिद्रेच्या रुग्णांत एक वर्ग असा आढळतो की, त्याची झोप एकदा लागली म्हणजे सकाळपर्यंत मोडत नाही. अडते ती केवळ लागण्यापाशी. अंग थकलेले असते, डोळे मिटलेले असतात, परंतु दिवसभराचा हिशेब मनात पुन्हा पुन्हा मांडला जातो आणि दीड-दोन वाजतात. अशा रुग्णास पादाभ्यंग, शिरोभ्यंग व रात्रीचे दूध दिल्याने शरीर स्निग्ध व शांत होते, यात संशय नाही. तथापि मन रिकामे राहिले तर ते पुन्हा जुन्याच विषयाकडे वळते. या मोकळ्या राहिलेल्या मनाला काय द्यावे, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विचार आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात निद्रानाशाचे हेतू कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू असे सांगितले आहेत. त्याच ठिकाणी अतिनिद्रेच्या निवारणार्थ जे उपाय दिले आहेत, त्यांत भय व क्रोध यांच्याबरोबर चिंतेचाही उल्लेख आहे. म्हणजे अतिनिद्रेवरील जे औषध, तेच आपला रुग्ण रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विनामूल्य घेत असतो! निद्रेची संप्राप्ती सांगताना आचार्य मनाचे क्लांत होणे आणि इंद्रियांचे विषयांपासून निवृत्त होणे या दोन्ही गोष्टी आवश्यक मानतात. चिंताग्रस्ताच्या बाबतीत इंद्रिये निवृत्त झालेली असतात, मन मात्र निवृत्त होत नाही.

मनाचे विषय शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात आले आहेत : चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य. उद्या बँकेत पैसे भरता येतील काय, हा विचार्य विषय झाला. न भरता आल्यास काय होईल, हा ऊह्य. दोहोंतही एकातून दुसरे निघत जाते आणि साखळी तुटत नाही. याच अध्यायात मनाचे अणुत्व व एकत्व हे दोन गुण सांगितले आहेत. मन एका वेळी एकाच विषयाशी संयुक्त होऊ शकते. म्हणून ‘विचार करू नका’ असे सांगून काहीही साधत नाही. ज्यातून विचार्य किंवा ऊह्य निर्माण होणार नाही असा दुसरा विषय मनाच्या हाती द्यावा लागतो.

आधुनिक मानसशास्त्राने याच दिशेने केलेला एक प्रयोग येथे नमूद करण्याजोगा आहे. २००२ साली ऑक्सफर्ड येथे अ‍ॅलिसन हार्वे व सुझाना पेन यांनी अनिद्रेच्या ४१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटास एखादे रम्य व गुंतवून ठेवणारे दृश्य मनात रंगविण्यास सांगितले, दुसऱ्यास केवळ ‘मन दुसरीकडे वळवा’ इतकेच सांगितले आणि तिसऱ्यास काहीच सूचना दिली नाही. दृश्य रंगविणाऱ्या गटास, त्यांच्याच अंदाजानुसार, झोप लवकर लागली. मन दुसरीकडे वळवा हा मोघम उपदेश निष्प्रभ ठरला. आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात तो अद्यापि रोज दिला जातो, हे सांगावयास नको.

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाशी संबंधित संशोधक ल्यूक बोदुआं यांनी यापुढे जाऊन निराळी युक्ती सुचविली. त्यांचे म्हणणे असे की, सलग दृश्यातही कथा शिरते आणि कथेला मन धरून बसते. त्याऐवजी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या वस्तूंची चित्रे एकामागून एक, प्रत्येकी पाच ते आठ सेकंद, डोळ्यांसमोर आणावीत. पत्ते पिसल्यावर राजाशेजारी दुर्री येते, त्याप्रमाणे कंदिलाशेजारी रताळे यावे. झोप लागण्याच्या उंबरठ्यावर मनात आपोआप अशीच तुटक, निरर्थक चित्रे तरळतात. ती मुद्दाम आणली तर मेंदू त्यालाच निद्रेची खूण समजतो, अशी त्यांची उपपत्ती आहे. ती सिद्ध झाली आहे असे मात्र म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अभ्यासात १५४ विद्यार्थी होते. तुलना होती ती सायंकाळी आपल्या चिंता व त्यांवरील उपाय लिहून काढण्याच्या जुन्या पद्धतीशी. लाभ दोन्ही पद्धतींनी झाला. एक दुसरीहून सरस ठरली नाही. या युक्तीचा विशेष इतकाच की, ती दिवा मालविल्यानंतर, अंथरुणातच करावयाची आहे.

आपल्याकडे याचे बीज नाही असे नाही. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांच्या योगनिद्रेत असंबद्ध प्रतिमा झपाट्याने उच्चारून साधकाकडून डोळ्यांसमोर आणविण्याची एक पायरी आहे. परंतु तेथे साधकाने जागे राहावयाचे असते. येथे जागे राहिल्यास उपाय फसला.

मराठी अक्षरांची अडचण

इंग्रजीत या युक्तीसाठी एक शब्द घेऊन त्यातील प्रत्येक अक्षरापासून सुरू होणाऱ्या वस्तू आठवतात. मराठीत ती जशीच्या तशी उचलली तर रुग्ण पहिल्याच रात्री अडखळतो. समजा, त्याने ‘कमळ’ हा शब्द घेतला. क आणि म पार पडतात; ‘ळ’ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. ‘ण’चीही तीच गत, त्यामुळे आपल्या ‘परभणी’चाही उपयोग नाही. अडखळलेले मन शोध घेऊ लागते आणि शोध म्हणजे पुन्हा ऊह्य. म्हणून ण व ळ नसलेला, अक्षरांची पुनरुक्ती नसलेला, चार अक्षरांच्या आसपासचा शब्द निवडावा. काना, मात्रा, अनुस्वार यांचा विचार करू नये. केवळ व्यंजन घ्यावे. शब्द मनास उदासीन हवा. ‘मानवत’ अक्षरांच्या दृष्टीने उत्तम, पण ज्याचा भूखंडाचा दावा मानवतला चालू आहे त्याने तो घेऊ नये. मी सहसा ‘करवंद’ देतो : क, र, व, द.

रुग्णाने ‘क’ घेऊन कणगी म्हणावे आणि ती पाहावी. तिचा शेणाने सारवलेला अंगभाग दिसला की पुरे. मग किटली, कावळा, कुलूप, कैरी. केवळ नाव उच्चारून पुढे जाऊ नये, चित्र दिसले पाहिजे, कारण मनाचे एकत्व चित्राने व्यापले जाते, नावाने तितके नाही. ‘क’चे शब्द सहज येईनासे झाले की ‘र’ : रहाट, रताळे, रुमाल, रांजण. मग व, मग द. शब्द संपला तर दुसरा घ्यावा. बहुतेक वेळा तो संपत नाही.

एक रुग्ण

परभणी शहरातील एक औषध-दुकानदार, वय ४६, गेल्या हिवाळ्यात आले. अंथरुणावर साडेअकराला जात, झोप दीड ते दोनच्या दरम्यान लागे, पुढे सातपर्यंत अखंड. घोरणे नाही, झोपेत श्वास अडकणे नाही, असे पत्नीने सांगितले. रक्तदाब प्राकृत. भूक बरी, मल किंचित बद्ध. रात्री नऊला शेवटचा चहा. मनात घोळणारे विषय तीनच : मुदत संपलेला माल परत जाईल काय, उधारी, आणि मुलाचा प्रवेश.

चहा पाच वाजेपर्यंत आणला. तिळाच्या तेलाचा पादाभ्यंग व रात्री म्हशीचे दूध दिले. निद्राजनक द्रव्यांत चरकांनी ते अग्र्य मानले आहे आणि त्यांचा अग्नी ते पचविण्यास समर्थ होता. पंधरा दिवसांत कोष्ठ सुधारला आणि झोप लागण्याची वेळ साधारण एकवर आली, पण पुढे सरकेना. तेव्हा दोन गोष्टी जोडल्या. रात्री नऊला दुकानाच्या वहीत पाच मिनिटे उद्याची कामे लिहावयाची. २०१८ साली अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन व सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा करावयाची कामे लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली होती. दुसरी गोष्ट ‘करवंद’.

पहिल्या तीन रात्री काहीच साधले नाही. विचारपूस केल्यावर कारण उमगले. ‘क’ म्हणताच त्यांना कॅप्सूल, काउंटर आणि कर्ज आठवे, ‘व’ला वसुली. शिवाय प्रत्येक अक्षराचे दहा शब्द झालेच पाहिजेत, असा त्यांनी नियम केला होता. म्हणजे अंथरुणात साठा-तपासणी चालू होती! त्यांस दोन सूचना दिल्या. व्यवसायातील वस्तू आली तर तिच्याशी झगडू नये, तिच्यावर थांबू नये, लगेच पुढची घ्यावी. आणि मोजू नये. दोन शब्द मिळाले तरी अक्षर सोडावे. चौथ्या रात्रीनंतर ‘द’ आपण गाठला की नाही, हे त्यांना सकाळी आठवेना. हीच योग्य खूण. अक्षर विसरणे किंवा न बोलावलेले चित्र मध्येच येणे, याचा अर्थ मन सुटू लागले आहे. तेथे रुग्णाने सावध होऊन ‘लागली का झोप?’ असे पाहू नये. तीन आठवड्यांनी त्यांच्या नोंदीप्रमाणे बहुतेक रात्री अर्ध्या-पाऊण तासात झोप लागत होती. मार्चअखेरच्या आठवड्यात मात्र पुन्हा एक वाजला, आणि तो काळ संपल्यावर सुधारला. या सुधारणेचा किती वाटा वहीचा, किती दुधाचा व किती चित्रांचा, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही.

कोणास देऊ नये

काही व्यक्तींना डोळे मिटून चित्र दिसतच नाही. जन्मतः तशी घडण असते. त्यांना ‘कैरी डोळ्यांसमोर आणा’ म्हटले की केवळ शब्द मिळतो. त्यांच्यावर आग्रह धरू नये. एखाद्या आघातातून गेलेल्या रुग्णास कोणतेही चित्र त्या प्रसंगाकडे खेचून नेऊ शकते. तेथेही ही युक्ती टाळावी. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे आणि त्यासोबत उदासी, अन्नावरची वासना जाणे, हे निराळे चित्र आहे. त्यास विषादाची तपासणी हवी. घोरणे व दिवसा पेंगणे, पायांची अस्वस्थता, वजन घटून धडधड होणे यांतही मूळ विकार शोधावा. वीसेक मिनिटे चित्रे पाहूनही जाग तशीच राहिली, तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसावे. अन्यथा अंथरूण आणि जागरण यांची गाठ पक्की होते.

एक सूचना औषध-दुकानदार वाचकांसाठी. अल्प्राझोलाम वा झोल्पिडेमवर अनेक महिने असलेला ग्राहक ‘आता मला गोळी नको, मला युक्ती सापडली’ असे म्हणून एकाएकी बंद करू लागला, तर त्यास त्याच्या डॉक्टरांकडे पाठवावे. अचानक बंद केल्यास पहिल्याहून तीव्र अनिद्रा, कंप, क्वचित आकडीही येते. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. ही द्रव्ये १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवावीच लागते आणि एकच नाव त्या वहीत किती महिने येत आहे, हे वैद्याच्या आधी दुकानदाराला कळते.