पावसाळी सकाळीच ट्रिप होणारा ड्राइव्ह

छापखान्यांच्या लॉगबुकात पावसाळ्याच्या दिवसांत एक नोंद हमखास सापडते : 'सकाळी मशीन ट्रिप. रीसेट केले. दहानंतर ओके.' तीन वाक्यं, आणि त्यातून कळतं जवळपास काहीच नाही. ड्राइव्हने स्क्रीनवर काय दाखवलं, त्या वेळी हवा कशी होती, काय मोजलं, यातलं काहीही त्यात नसतं. मग आठवड्याने पुन्हा तीच नोंद, पुन्हा रीसेट, आणि महिनाअखेरीला कुणीतरी म्हणतं, 'मोटर काढून वाइंडिंगला पाठवा.'

अशा बिघाडाची नोंद कशी घ्यायची आणि तिच्यावरून ओलीची वाट कशी शोधायची, हे एका नमुन्यावरून पाहू. संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला मध्यम छापखाना डोळ्यांसमोर आणा. चार रंगी शीटफेड ऑफसेट, औषधांच्या खोक्यांचं काम, दोन पाळ्या. मधे रात्री एसी बंद. नोंदीतले आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा यंत्रावर दिसतात त्याच पट्टीतले. दवबिंदूचा हिशेब मात्र खरा आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

नोंद अशी :

ऑगस्ट, रात्रभर रिपरिप. सकाळी ७ वाजून १० मिनिटं. मुख्य मोटर १५ किलोवॉट, मागच्या टोकाला एन्कोडर. इंचिंग ठीक, वेग वाढवताना ट्रिप, स्क्रीनवर ENCODER LOSS. हॉलची हवा २३ अंश, आर्द्रता ८८ टक्के, म्हणजे दवबिंदू २०.९ अंश. मोटरचं अंग २२.४ अंश. चिलरच्या पाइपाचा उघडा सांधा १४.२ अंश. मोटरचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर ३ मेगाओहम, दुपारी १ वाजता ४० मेगाओहम. एन्कोडरच्या ए चॅनलवर 'हाय' असताना १३.९ व्होल्ट, दुपारी २३.६ व्होल्ट.

या नोंदीतला सगळ्यात फसवा आकडा मेगरचा आहे. इलेक्ट्रिशियन सवयीने आधी मेगर लावतो आणि ३ मेगाओहम दिसले की त्याला चोर सापडल्यासारखं वाटतं. आकडा कमी आहे, यात वाद नाही. पण हिशेब करा. ५०० व्होल्ट भागिले ३ मेगाओहम म्हणजे ०.१७ मिलिअँपिअर. या आकाराच्या ड्राइव्हचं अर्थ फॉल्ट संरक्षण अँपिअरच्या हिशेबात चालतं. एवढीशी गळती त्याच्या खिजगणतीतही नसते. शिवाय स्क्रीनवर अर्थ फॉल्ट आलेलाच नाही, एन्कोडरची तक्रार आहे. म्हणजे मोटरमध्ये दमटपणा शिरलाय हे खरं, पण मशीन बंद पाडणारा तो नव्हे. मोटर वाइंडिंगला पाठवली असती तर पैसे गेले असते, चार-पाच दिवसांचं काम बुडालं असतं आणि बिघाड तिथेच राहिला असता.

जाता जाता एक सक्त सूचना. मेगर लावण्यापूर्वी मेन बंद करा, ड्राइव्हच्या आतले कपॅसिटर उतरेपर्यंत त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि मोटरच्या वायरी ड्राइव्हपासून सोडवा. न सोडवता मेगर मारला तर ड्राइव्हचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. एन्कोडरच्या वायरींना तर मेगर कधीच लावायचा नाही.

आता खरा आकडा : १३.९ व्होल्ट. एन्कोडर मोटरच्या शाफ्टसोबत फिरतो आणि प्रत्येक फेरीला ठरावीक संख्येने पल्स पाठवतो. ड्राइव्ह ते मोजतो, सांगितलेला वेग आणि मोजलेला वेग ताडून पाहतो, आणि मेळ बसला नाही की मशीन थांबवतो. जुन्या यंत्रांवर बऱ्याचदा २४ व्होल्टचा ओपन कलेक्टर प्रकारचा एन्कोडर असतो. त्यात एन्कोडर स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त वायर शून्याला खेचतो किंवा मोकळी सोडतो. मोकळी सोडली की ड्राइव्हकडच्या पुल-अप रेझिस्टरमधून, समजा ४.७ किलोओहमच्या, ती वर चढते. चढली पाहिजे जवळपास २४ व्होल्टपर्यंत. दुपारी ती २३.६ पर्यंत चढतेही. सकाळी १३.९ वर अडकते, म्हणजे वाटेत कुठेतरी ही वायर आणि शून्य यांच्यामध्ये गळती आहे. किती? ४.७ ला १३.९ ने गुणा आणि उरलेल्या १०.१ व्होल्टने भागा. उत्तर येतं साडेसहा किलोओहमच्या आसपास.

मोटरमधली गळती मेगाओहममध्ये, ही किलोओहममध्ये. ताकदीच्या वायरीला जी गळती जाणवतसुद्धा नाही, तिच्याहून शेकडो पट मोठी गळती सिग्नलच्या वायरीवर बसली आहे. अशा २४ व्होल्टच्या इनपुटला 'हाय' ओळखायला साधारण १५ व्होल्ट लागतात. १३.९ म्हणजे ना इकडे ना तिकडे. सावकाश इंचिंग करताना असा सिग्नल कसाबसा वाचला जातो. वेग वाढला, पल्स आखूड झाली, की तिला वर चढायला वेळ पुरत नाही आणि ड्राइव्हच्या मोजणीतून पल्स गळू लागतात.

हे माप घ्यायला ऑसिलोस्कोप लागत नाही. मशीन उभं ठेवायचं, ए चॅनल 'हाय' स्थितीत येईपर्यंत हाताने जरासं फिरवायचं आणि ड्राइव्हच्या टर्मिनलवर साध्या मल्टिमीटरने डीसी व्होल्ट पाहायचे. मात्र हे ट्रिप झाल्यावर लगेच करायचं. ऑपरेटरने कनेक्टरवर हेअर ड्रायर मारल्यानंतर मोजलं तर सगळं शुद्धच दिसणार.

गळती आहे हे कळलं. ओल कुठून आली? शंका तीन घेता येतात : हवेतला दमटपणा आपोआप बसला, फरशीखालच्या केबल ट्रेंचमधून ओली हवा वर आली, की कुठूनतरी पाणीच पडलं. इथे दवबिंदू कामाला येतो. हवेचा दवबिंदू २०.९ अंश असेल तर त्याहून थंड असलेल्या पृष्ठभागावरच पाणी जमणार. मोटरचं अंग २२.४, म्हणजे तिच्यावर दव धरत नाही. तिच्या अंगालगतची हवा मात्र ९१ टक्के दमट असते, म्हणून आतली धूळ ओलसर होऊन मेगर घसरतो. ट्रेंचमधली हवा ओली असली तरी ती मोटरपेक्षा गरम नसेल, तर कनेक्टरवर थेंब धरायला कारण नाही. नोंदीत दवबिंदूच्या खाली एकच वस्तू आहे : १४.२ अंशांचा पाइपाचा सांधा.

ऑफसेटमध्ये प्लेटला लागणारं डॅम्पनिंगचं पाणी, म्हणजे फाउंटन सोल्युशन, चिलरमधून साधारण १० ते १२ अंशांवर थंड करून फिरवतात. त्या पाइपावर फोमचं आवरण असतं. एल्बोपाशी, जिथे फिटरने कधीतरी सांधा उघडलेला असतो, तिथलं आवरण नेमकं फाटलेलं किंवा परत न बसवलेलं असतं. थंड ताकाचा पेला बाहेरून पाझरतो तसा तो उघडा पितळी सांधा पाझरतो. थेंब खाली एन्कोडरच्या केबलवर पडतो आणि केबलच्या अंगाने सरळ उतरत कनेक्टरपाशी पोचतो, कारण केबलला मधे झोळ दिलेला नसतो.

मग हे फक्त दमट सकाळीच का? हेल्पर साडेसहाला चिलर लावतो, कारण पाणी थंड व्हायला वेळ लागतो. एसी लागतो सातला. मधल्या वेळात पाइप थंड आणि हवा ओली. साडेनऊ-दहापर्यंत एसी हॉलला २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणतो. तेव्हा दवबिंदू १४.४ अंशांवर येतो, म्हणजे जवळपास सांध्याच्या तापमानाइतकाच, आणि पाझर थांबतो. तोवर मोटर तापून कनेक्टरही वाळवते. लॉगबुकातलं 'दहानंतर ओके' ते हेच. एप्रिलमध्ये का नाही? संभाजीनगरच्या उन्हाळ्यात ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तरी दवबिंदू जेमतेम ११ अंश येतो. सांधा त्याहून गरम, म्हणून कोरडा. मराठवाड्याची कोरडी हवा हा दोष वर्षातले सात-आठ महिने झाकून ठेवते. हेच यंत्र मुंबईत असतं तर उन्हाळ्यातही ओरडलं असतं.

एक प्रश्न उरतो. दवाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, आणि शुद्ध पाणी वीज फारशी वाहू देत नाही. मग साडेसहा किलोओहम कुठून आले? कनेक्टर उघडून पाहा. पिनांच्या मधे पांढुरकी, जराशी चिकट साय दिसेल. शीट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारलेली स्टार्चची पावडर, कागदाचा भुसा, आणि फाउंटन सोल्युशनचे वाळलेले क्षार व गोंद, या सगळ्याचा तो थर. क्षार पाण्यात विरघळले की पाणी वाहक होतं. कनेक्टर स्वच्छ असता तर तोच थेंब कदाचित निरुपद्रवी ठरला असता. म्हणून दुरुस्तीत थेंब अडवणं आणि मळ काढणं दोन्ही आलं.

निदान पक्कं करायला सोपी परीक्षा आहे. दमट सकाळी चिलर न लावता मशीन रिकामं चालवायचं. ट्रिप होता कामा नये. दुसऱ्या तशाच सकाळी चिलर लावून, पण सांधा आणि केबल यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा तुकडा तिरका अडकवून. तेव्हाही ट्रिप होता कामा नये. मग तुकडा काढून. आता झाला, तर वाट सापडली. तुकडा असतानाही झाला, तर पाणी दुसरीकडून येतंय, आणि पुन्हा ट्रेंचकडे वळायला हवं. सांध्याचं तापमान मोजताना एक काळजी : चकचकीत पितळेवर इन्फ्रारेड थर्मामीटर खोटं बोलतो, भोवतालचं तापमान दाखवून मोकळा होतो. सांध्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, थोडं थांबा आणि टेपवर नेम धरा.

दुरुस्ती स्वस्त आहे. सांध्यावर बंद छिद्रांच्या नायट्रिल फोमचं आवरण, कडा चिकटवून आणि टेप मारून, कारण फट राहिली की हवा आत शिरते आणि पाइप आवरणाखाली घामाघूम होतो. केबलला कनेक्टरच्या आधी खाली झोळ, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टर वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा आणि वाळवून बसवायचा. क्लीनर सिलिकॉनरहित घ्या. छापखान्यात सिलिकॉनचा स्प्रे उडाला तर शीटवर शाई आणि व्हार्निश फाटू लागतं आणि ते दुखणं ड्राइव्हपेक्षा महाग पडतं. शेवटी क्रम बदला : आधी एसी, मग अर्ध्या-पाऊण तासाने चिलर. मोटरचे ३ मेगाओहम वेगळी नोंद करून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत मोटर उघडून धूळ काढणं आणि वाळवणं तिला पुरेसं आहे.

लॉगबुकात 'दुरुस्त' हा शब्द मात्र लगेच लिहू नका. सप्टेंबर सरला की हवा कोरडी होते आणि हा बिघाड कुणीही काही न करता आपोआप नाहीसा होतो. ऑक्टोबरमधल्या यशावर कुणाचाच हक्क नसतो. पाऊस असेतो, ८५ टक्क्यांच्या वरच्या एखाद्या सकाळी एसी मुद्दाम बंद ठेवून आणि चिलर चालू करून ए चॅनलचे व्होल्ट मोजा. २३ च्या वर आले, तर सही करा.