रेकॉर्डिंगनंतरचा ई-मेल

अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्राध्यापक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवतात. त्याला 'ऑफिस अवर' म्हणतात. करोनानंतर हे तास बऱ्याच ठिकाणी झूमवरही होऊ लागले आणि दोघांची संमती असेल तर रेकॉर्डही होतात. सगळं बोलणं साठवलेलं असताना वर ई-मेल कशाला लिहायचा, असं आपल्याकडून नव्याने गेलेल्या मुलांना वाटतं. मी तिथे शिकवते, आणि मला तो ई-मेल हवाच असतो. रेकॉर्डिंगमध्ये बोललेलं सगळं असतं. त्यातलं ठरलं काय, ते नसतं.

साताऱ्याकडची एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी अमेरिकेतल्या पावसाच्या रोजच्या नोंदी तपासत होती. कोणत्या केंद्रावर वर्षात 50 मिलिमीटरहून जास्त पावसाचे दिवस किती, हे तिला मोजायचं होतं. तिथली बरीच पर्जन्यमापक केंद्रं स्वयंसेवक चालवतात. शनिवार-रविवारी कुणी माप वाचलं नाही, तर सोमवारी तीन दिवसांचं साचलेलं पाणी एकदम मोजलं जातं. नोंदींच्या संग्रहात अशा बेरजेसाठी `MDPR` आणि ती किती दिवसांची, यासाठी `DAPR` असे वेगळे रकाने आहेत. पण काही बेरजा चुकून रोजच्या पावसाच्या `PRCP` रकान्यात जातात. तिच्या तक्त्यात एका शनिवार-रविवारी शून्य आणि सोमवारी 96 मिलिमीटर दिसत होतं.

त्या अर्ध्या तासात मी तिला तीन गोष्टी बोलले. अशा नोंदी टाकून देऊ नकोस, खूण करून ठेव. जमल्यास शेजारच्या केंद्राशी ताडून बघ. आणि बोलता बोलता म्हणाले, की 96 ला तीनने भागलं तर काय होईल? पहिली सूचना होती. दुसरीही सूचनाच होती, कारण अमेरिकी प्राध्यापक 'जमल्यास बघ' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा 'कर' असं म्हणायचं असतं. तिसरं मात्र माझं मोठ्याने विचार करणं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तिन्ही वाक्यं एकाच सुरात ऐकू येतात.

झूम आपोआप जी `.vtt` फाइल तयार करतं, तिच्यावर तर अजिबात विसंबू नये. 'आय वुडन्ट' म्हणताना शेवटचा 'न्ट' हलका पडतो. तिच्या फाइलमध्ये 'मी त्या नोंदी टाकून देईन' असं उमटलं होतं, अगदी उलट! तिने चौदाव्या मिनिटापासून पुन्हा ऐकलं, म्हणून सुटली. नकार, आकडे आणि विशेषनामं असतील तिथे मूळ आवाज ऐकावाच.

त्याच संध्याकाळी तिचा ई-मेल आला. तो इंग्रजीत होता, त्याचा आशय असा:

"प्राध्यापक महोदया, आजच्या वेळेबद्दल आभार. मला समजलं ते असं. साचलेल्या नोंदी काढायच्या नाहीत, त्यांना खूण करायची (रेकॉर्डिंग 14:20). त्या शेजारच्या केंद्राशी ताडायच्या (17:05). बेरीज तीन दिवसांत समान वाटायची (21:40). खुणा शुक्रवारपर्यंत करते. वाटणीमुळे पुढची सगळी मोजणी बदलेल, म्हणून तुमचं उत्तर येईपर्यंत ती करणार नाही. माझं काही चुकीचं समजलं असेल तर कृपया सांगा."

मिनिटं दिल्यामुळे मला अर्धा तास पुन्हा ऐकावा लागला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सहज मागे घेता येईल ते काम तिने लगेच सुरू केलं आणि येणार नाही ते थांबवलं. आपल्याकडच्या अर्जांतलं 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य इथे चालत नाही. काय हवंय आणि कधीपर्यंत, ते लिहावं लागतं.

तिसरी ओळ वाचून मी चमकले. 96 चे तीन भाग केले तर रोज 32 मिलिमीटर येतो आणि 50 च्या वरचा एकही दिवस उरत नाही. न वाटता ठेवलं तर सोमवारी एक असा दिवस दिसतो. खरं काय घडलं, हे दोन्हींतून कळत नाही. जे मोजायचं तेच वाटणीने पुसलं गेलं असतं, आणि माझ्या बोलण्यातली ही चूक मला तिच्या ओळीत दिसली.

मी उत्तर पाठवलं: "पहिले दोन मुद्दे बरोबर. तिसरा नको. ते तीन दिवस महिन्याच्या बेरजेत धर, जोरदार पावसाच्या दिवसांच्या मोजणीतून वगळ. आणि प्रत्येक केंद्रावर वारांप्रमाणे मोजून बघ. सोमवारी पाऊस फार आणि शनिवार-रविवारी शून्यं फार दिसली, तर तिथे खूण न झालेल्या आणखी बेरजा असणार."

शुक्रवारी तिचा तक्ता आला. दोन केंद्रांवर सोमवार वेगळा उठून दिसत होता.