जीभ कुठे अडते?

दार ओढून घेतलं, ‘खट्’ असा आवाजही आला, पण पाठ वळताच दार पुन्हा उघडलं. बऱ्याच घरांत यावर घडी केलेला कागद फटीत कोंबतात किंवा दारापुढे खुर्ची सरकवतात. सुताराला बोलावलं, तर तोही कधी कधी थेट पटाशी हातात घेतो. खरं तर लाकडाला हात लावण्याआधी एकच गोष्ट शोधायची असते: लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीला नेमकी कुठे अडते आहे?

त्यासाठी ओलं कुंकू पुरतं. जिभेच्या टोकाला ते बोटाने लावावं, मूठ फिरवून जीभ आत घ्यावी, दार पूर्ण मिटवावं आणि मूठ सोडावी. दार उघडल्यावर पट्टीवर ठसा दिसतो. ठसा भोकाच्या वर किंवा खाली असेल, तर उंची चुकली आहे. तो भोकाच्या बाजूला, दार ज्या बाजूने आत येतं तिकडे असेल, तर दार चौकटीत पुरतं बसत नाही. पट्टीवर ठसाच नसेल आणि तरीही दार निसटत असेल, तर जीभ भोकात शिरते आहे, पण पुरेशी खोल जात नाही.

पावसाळ्यात दारं फुगतात म्हणून सगळा दोष पावसाला देतात. लाकूड फुगतं ते रेषांना आडवं. रेषांच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांत रेषा उभ्या असतात, त्यामुळे पावसात दार रुंद होतं, उंच नाही. म्हणून ठसा बाजूला असेल, तर दिवाळीपर्यंत थांबावं. लाकूड सुकलं की बहुतेकदा खटका आपोआप लागतो. ठसा खाली असेल, तर आधी बिजागऱ्या बघाव्यात. अर्धवट उघडलेलं दार मुठीला धरून वर उचलावं. ते हललं, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले आहेत. ते आवळले किंवा एकाच्या जागी लांब स्क्रू मारला, की पट्टीला हात लावायची गरज उरत नाही.

आमच्या घरातल्या एका खोलीच्या दाराचा ठसा भोकाच्या कडेपासून चार मिलिमीटर खाली उतरला होता. बिजागऱ्या घट्ट होत्या. एक-दोन मिलिमीटरचा फरक असता, तर भोकाची खालची कड कानशीने घासून भागलं असतं. चारसाठी पट्टीच खाली सरकवायची होती.

यात खरी अडचण असते ती जुन्या भोकांची. नवी भोकं त्यांच्या इतकी लगत येतात, की स्क्रू घसरून पुन्हा जुन्या भोकात जातो आणि पट्टी होती तिथेच येते. म्हणून आधी जुन्या भोकांत गोंद लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या, रात्रभर सुकू दिल्या आणि सपाट कापल्या. मग पट्टी नव्या जागी धरून कडेने सुरीने रेघ मारली. सुरीची रेघ लाकडाचे तंतू कापते, त्यामुळे पटाशी चालवताना कड फुटत नाही. खाच पट्टीच्या जाडीइतकीच खोल केली. पट्टी वर उचललेली राहिली, तर जीभ तिच्यावर घासत राहते; ती फार आत गेली, तर जिभेची पकड कमी होते. शेवटी दोन मिलिमीटरची भोकं पाडून स्क्रू बसवले आणि वर उरलेली फट लाकडाच्या पातळ तुकड्याने भरली.

तरीही दार हातानं ढकललं की निसटायचं. पट्टीतून पेन्सिल आत घातली, तर ती चार-पाच मिलिमीटरवरच टेकली. जीभ मात्र बारा मिलिमीटर बाहेर येत होती. रंगाऱ्याची जुनी लांबी आणि रंग भोकात साचून दगडासारखे झाले होते. जिभेचं टोक गोलसर असतं; तेवढंच आत गेलं, तर ते धक्क्याने सटकतं. ड्रिलच्या पात्याला पंधरा मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली आणि ती लाकडाला टेकेपर्यंतच भोक पाडलं. उरलेला भुसा पटाशीने काढला.

मात्र दार आणि चौकट यांच्यातली फटच सहा-सात मिलिमीटर असेल, तर भोक खोल करून उपयोग नाही. तिथे पट्टीखाली पुठ्ठ्याची घडी घालून ती उलट बाहेर आणावी लागते. चौकट ग्रॅनाइटची असेल, तर मात्र पटाशी चालवू नये. ते दगड कापणाऱ्याचंच काम आहे.

काम झालं हे आवाजावरून ठरवू नका. मूठ न फिरवता दार दोन्ही बाजूंनी ढकलून पाहा. ते जागेवर राहिलं, तरच खटका लागला.